कठीण, बळकट, चिवट आणि ताठ

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त एका तालुक्याच्या गावी मुक्काम पडला असता तेथील माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांची गाठ पडली. सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग त्यांच्यापुढे होता आणि चेहऱ्यावर त्रासिकपणा होता. त्यांनी एक प्रश्न मला वाचून दाखविला : 'काच पोलादापेक्षा लवकर फुटते. यावरून काच पोलादापेक्षा मऊ आहे असे म्हणता येईल काय? सकारण लिहा.' बहुतेक मुलांनी 'होय' असे उत्तर दिले होते. जी थोडी मुले 'नाही' म्हणत होती, त्यांनी कारण म्हणून 'काच बळकट असते' असे लिहिले होते. "साहेब, पहिल्यांचे उत्तर चूक आहे, आणि दुसऱ्यांचे उत्तर बरोबर असून कारण चूक आहे. आता गुण द्यावेत तरी कोणाला?" असे गुरुजींनी विचारले.

मी कला शाखेचा पदवीधर. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. परंतु पुढे या विषयाचा थोडा पिच्छा पुरविला तेव्हा असे दिसून आले की घोटाळा मुलांच्या डोक्यात जितका आहे तितकाच तो आपल्या बोलण्यातही आहे. 'मजबूत' हा एकच शब्द आपण चार निरनिराळ्या गुणांसाठी वापरतो. दोर मजबूत, दगड मजबूत, चामडे मजबूत आणि तुळईही मजबूत! वास्तविक यांतील प्रत्येक वस्तूची परीक्षा निराळ्या प्रकारे होते.

वस्तूवर ओरखडा किंवा खळगा पाडू लागल्यास ती किती विरोध करते, हा तिचा कठीणपणा. ती कायमची वाकेपर्यंत किंवा तुटेपर्यंत आपल्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती भार पेलते, ही तिची बळकटी. तुटण्यापूर्वी ती धक्क्याची किती ऊर्जा पचविते, हा तिचा चिवटपणा. आणि भार असेपर्यंत ती किती थोडी लवते किंवा ताणली जाते, हा तिचा ताठपणा. व्याख्या एवढ्याच आहेत आणि त्या पाठ करणे अवघड नाही. अवघड आहे ते हे चारही गुण एकाच वस्तूत वेगवेगळे ओळखणे. त्यासाठी गुरुजी मला गावच्या लोहाराकडे घेऊन गेले.

लोहाराचे पाणी

लोहाराकडे पाथरवटाची छिन्नी दुरुस्तीला आली होती. छिन्नीच्या पोलादात कर्ब साधारणपणे शेकडा अर्ध्या ते पाऊण भागाइतका असतो. बांधकामातल्या साध्या नरम लोखंडात तो याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणूनच नरम लोखंड 'पाणी धरत नाही' असे लोहार म्हणतो, आणि ते शास्त्रालाही धरून आहे.

छिन्नीचे टोक ठोकून आकाराला आणल्यावर त्याने पुढचा दोन बोटे भाग पुन्हा भट्टीत घातला. तो भाग पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला तेव्हा त्याने जवळचा लोहचुंबक त्याला लावून पाहिला. चुंबक चिकटेना. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर पोलाद चुंबकाला ओळख देत नाही. त्याहून थोडे अधिक तापले की ते पाणी देण्यास योग्य होते. तापमापक नसलेल्या कारागिराची ही खूण अगदी भरवशाची आहे. मग त्याने केवळ टोकाचा बोटभर भाग पाण्यात बुडविला आणि छिन्नी किंचित वरखाली हलवीत राहिला. ती स्थिर धरली तर पाण्याच्या रेषेवरच भेग पडते, असे त्याने सांगितले.

या क्षणी टोक अत्यंत कठीण झालेले असते. त्यावर कानस ओढली तर ती काचेवरून सरकावी तशी घसरते. पण हीच छिन्नी पाथरवटाने दगडावर धरून हातोडा मारला तर पहिल्या दोन-चार घावांतच टोकाची कपची उडेल. कठीणपणा आला, पण चिवटपणा पार गेला. म्हणून लोहार येथे थांबत नाही. टोक निवले तरी छिन्नीचा मागचा भाग अद्याप तप्त असतो. त्याने टोक विटेच्या तुकड्यावर घासून चकचकीत केले आणि ते डोळ्यांसमोर धरले. मागची उष्णता पुढे सरकू लागली तसे त्या चकाकीवर रंग धावू लागले : आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मागोमाग जांभळा आणि त्यामागे निळा. पिवळा रंग सुमारे २२५ अंशांना येतो, जांभळा २८० च्या आसपास आणि निळा ३०० ला. जांभळा रंग धारेशी पोचताच त्याने सबंध छिन्नी पाण्यात टाकली.

या दुसऱ्या तापविण्याने धारेचा थोडा कठीणपणा कमी होतो आणि त्या बदल्यात पुष्कळ चिवटपणा परत मिळतो. घाई करून पिवळ्यावरच थांबले तर धार चकले उडून तुटते. आळस करून निळ्याच्या पुढे जाऊ दिले तर धार दुमडते. तुटलेल्या आणि दुमडलेल्या धारेकडे पाहून कोणती चूक झाली हे अनुभवी पाथरवट लगेच ओळखतो. छिन्नीचे डोके, म्हणजे जेथे हातोडा पडतो तो भाग, मुद्दाम पाण्याविना ठेवतात. ते नरम व चिवट राहते आणि वर्षभराने फुलाप्रमाणे पसरते. त्याला पाणी दिले तर हातोड्याखाली त्याची कपची उडून डोळ्यात जावयाची. अशा रीतीने एकाच हत्यारात टोक कठीण आणि डोके चिवट असते.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. काच ही जणू जांभळ्या रंगापर्यंत कधीच न गेलेली छिन्नी आहे. ती मऊ मुळीच नाही. साधा खिळा काचेवर ओढला तर काचेवर ओरखडा उठत नाही. खिळ्याचेच टोक झिजून राखाडी रेघ मागे राहते. म्हणजे ती साध्या लोखंडापेक्षा कठीण आहे. ती फुटते ती चिवटपणाच्या अभावी. काच कापणारा कारागीर हिऱ्याच्या कणीने तिच्यावर एक रेघ ओढतो आणि हलकेच दाबून तिचे दोन तुकडे करतो. तशीच रेघ पत्र्यावर ओढून पाहावी; पत्रा तेथे वाकेल, परंतु मोडणार नाही. पत्र्यात रेघेच्या तोंडाशी धातू थोडा सरकतो, ऊर्जा पचवितो आणि भेगेचे टोक बोथट करतो. काचेला असे सरकता येत नाही, म्हणून भेग एकदा निघाली की आरपार जाते. हिऱ्याचीही हीच कथा आहे. खरा हिरा ऐरणीवर घणाखालीही फुटत नाही ही समजूत आपल्याकडे संतवाङ्मयाच्या काळापासून आहे. पण ओरखड्याच्या बाबतीत अजिंक्य असलेला हिरा योग्य दिशेने घाव बसला तर सहज दुभंगतो. पूर्वी हिरे कापणारे याच गुणाचा उपयोग करीत.

काचेच्या बळकटीविषयी मात्र एकदम निकाल देऊ नये. खिडकीची काच ताणात कमजोर ठरते, कारण तिच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात. त्याच काचेचा ताजा, बारीक तंतू ओढला तर तो त्याच जाडीच्या पोलादी तारेची बरोबरी करतो. 'काच बळकट असते' असे लिहिणाऱ्या मुलांना म्हणूनच मी मनातल्या मनात अर्धा गुण देऊन टाकला.

न बदलणारा चौथा गुण

लोहाराच्या अग्नीने आणि पाण्याने कठीणपणा, बळकटी आणि चिवटपणा हे तिन्ही गुण बदलले. ताठपणाचे काय झाले? पाणी दिलेली छिन्नी अधिक ताठ झाली असेल, असेच कोणालाही वाटेल. गुरुजींनाही तसेच वाटत होते. याचा निकाल त्यांच्या प्रयोगशाळेत दोन जुन्या हॅक्सॉ पात्यांनी लावता आला. हा प्रयोग कोणत्याही शाळेत एका तासात होण्याजोगा आहे.

कर्बयुक्त पोलादाच्या, सर्वांगी कठीण अशा दोन सारख्या पात्यांचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. त्यांतील एक लाल होईपर्यंत तापवून राखेत पुरून ठेवावा आणि सावकाश निवू द्यावा. फार वेळ तापवू नये. तसे केल्यास खपल्या निघून पाते पातळ होते आणि प्रयोग बिघडतो. आता एक तुकडा कठीण आणि दुसरा नरम झाला. कानस लावून पाहिल्यास ती पहिल्यावर घसरते आणि दुसऱ्याला खाते. कठीणपणाची परीक्षा झाली.

नंतर दोन्ही तुकडे आडवे ठेवून टेबलाच्या कडेला शिकंज्यात असे धरावेत की प्रत्येकाचा २० सेंटीमीटर भाग बाहेर राहील, आणि टोकाला ५० ग्रॅम वजन टांगावे. साधारण १२ मिलिमीटर रुंद आणि पाऊण मिलिमीटरहून थोडे पातळ असे पाते सुमारे अडीच सेंटीमीटर खाली येते. मौज ही की नरम आणि कठीण दोन्ही तुकडे सारखेच खाली येतात! वजन काढले की दोन्ही पूर्ववत होतात. गुरुजींनी तीन वेळा मोजपट्टी लावून पाहिली, तेव्हा कोठे त्यांचे समाधान झाले.

आता ३०० ग्रॅम टांगावेत. दोन्ही खूप लवतात. वजन काढल्यावर कठीण तुकडा सरळ होतो, पण नरम तुकडा वाकलेलाच राहतो. हा बळकटीतला फरक होय. शेवटी दोन्ही तुकडे जाड फडक्यात गुंडाळून आणि डोळ्यांना चष्मा लावून हाताने दुमडावेत. कठीण तुकडा कडकन मोडतो आणि नरम तुकडा घडी पडेपर्यंत वाकतो. हा चिवटपणातला फरक.

याचे कारण असे की ताठपणा हा धातूच्या अणूंमधील बंध किती घट्ट आहेत यावर अवलंबून असतो. पाणी दिल्याने अणूंची मांडणी बदलते आणि त्यांच्या थरांना एकमेकांवरून घसरणे अवघड होते. त्यामुळे कठीणपणा व बळकटी वाढते. परंतु बंध त्याच लोखंडाच्या अणूंचे राहतात. म्हणून नरम असो वा कठीण, पोलादाचा ताठपणा जवळजवळ तोच राहतो. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा यंगचा गुणांक हे त्याचे माप असून पोलादासाठी ते सुमारे २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे. ॲल्युमिनियमचे त्याच्या सुमारे एक तृतीयांश, आणि आश्चर्य म्हणजे काचेचेही जवळपास ॲल्युमिनियमइतकेच आहे. एकाच आकाराच्या काचेच्या आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हलक्या भाराखाली सारख्याच लवतात. पुढे एक फुटते आणि दुसरी वाकते, एवढेच.

परीक्षेतील गोंधळाचे एक मूळ येथे सापडते. बळकटी आणि ताठपणा ही दोन्ही एकाच एककात मोजली जातात. 'न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर' असे दोन्हीकडे दिसले की विद्यार्थी एकाच्या जागी दुसरे लिहून मोकळा होतो. दुसरे मूळ असे की पोलादापुरते पाहिल्यास कठीणपणा आणि बळकटी बहुधा बरोबरच वाढतात. स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली पोलादी गोळी दाबून खळगा मोजण्याची पद्धत पुढे आणली. तीत येणाऱ्या अंकाला सुमारे साडेतीनने गुणले की पोलादाच्या बळकटीचा बरा अंदाज येतो. हा नियम पोलादाचा आहे. तो काचेला किंवा दगडाला लावला की उत्तर चुकते.

सहा सळया की पाच?

हा सारा विचार शाळेच्या चार भिंतींत राहणारा नाही. गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहाचे काम चालले होते. एक सदस्य मोठ्या अभिमानाने म्हणाले, "यंदा आम्ही चारशे पंधराची नाही, पाचशेची सळई घेतली आहे. आता छत लवायचे नाव घेणार नाही." त्यांचा हेतू उत्तम होता, पण विधान तपासून घेणे आवश्यक होते.

सळईवर 'एफई ५००' असे उठविलेले असते. त्यातील ५०० हा आकडा बळकटीचा आहे : प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ५०० न्यूटन ताण येईपर्यंत ती कायमची लांबत नाही, असा त्याचा अर्थ. 'एफई ४१५' ची तीच मर्यादा ४१५ न्यूटन. १२ मिलिमीटर जाडीच्या सळईचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे पहिली सुमारे पावणेसहा टनांचा आणि दुसरी सुमारे पावणेपाच टनांचा भार झेलते. ५०० च्या पाच सळया आणि ४१५ च्या सहा सळया बळकटीत जवळजवळ समान होतात, म्हणून सहाऐवजी पाच घालून काटकसर केली जाते.

आता कल्पना करा की सहा टनांचे ओझे तीन मीटर लांबीच्या सळयांनी टांगले आहे. सहा सळया असतील तर प्रत्येकीवर एक टन येतो आणि ती सुमारे १.३ मिलिमीटर लांबते. सळई ४१५ ची असो की ५०० ची, हा आकडा बदलत नाही, कारण यंगचा गुणांक दोन्हींचा एकच आहे. पाचच सळया असतील तर प्रत्येकीवर सव्वा टनाला थोडा कमी भार येतो आणि ती सुमारे १.५६ मिलिमीटर लांबते. म्हणजे बळकटी तेवढीच राहिली, पण ताण सहन करताना होणारी लांबी एक पंचमांशाने वाढली! छतात सळई काँक्रिटच्या पोटात असल्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. तरीही दिशा हीच असते. म्हणून अधिक बळकट सळई कमी संख्येने वापरली तर छत लवण्याकडे आणि त्यातील बारीक भेगांकडे आराखडाकाराला अधिक लक्ष द्यावे लागते. छत लवू नये असे वाटत असेल तर त्याची जाडी वाढविणे हा खरा उपाय होय. वस्तूचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. १०० मिलिमीटरचे छत १२५ चे केले तर त्याचे वजन सव्वापट होते, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. ही जाडी अभियंत्याने ठरवावयाची असते हे वेगळे सांगावयास नको.

सदस्यांनी मग दुसरा प्रश्न विचारला : दुकानदार 'एफई ५०० डी' म्हणून आणखी एक सळई दाखवितो, तिची बळकटी तेवढीच, मग तिला जादा पैसे का द्यावेत? हा प्रश्न चिवटपणाचा आहे. तपासणीत १२ मिलिमीटर जाडीच्या सळईवर ६० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करून ती तुटेपर्यंत ओढतात. भारतीय मानकानुसार ५०० च्या सळईतील हे अंतर किमान शेकडा १२ ने, म्हणजे सुमारे ६७ मिलिमीटरपर्यंत वाढले पाहिजे. 'डी' सळईत ते किमान शेकडा १६ ने, म्हणजे साडेएकोणसत्तरपर्यंत वाढले पाहिजे. तुटण्याआधी जास्त ताणली जाणारी सळई जास्त ऊर्जा पचविते. रोजच्या भारात या गुणाची गरज लागत नाही. भूकंपात मात्र लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरे कोसळली, त्यांतील बहुतेकांच्या भिंती जाड दगडांच्या व मातीच्या बांधणीच्या होत्या. दगड कठीण होता आणि वरून येणारे वजन तो वर्षानुवर्षे पेलीत होता. पण दगडांना बांधून धरणारे आणि धक्का पचविणारे त्या भिंतींत काहीच नव्हते.

आजची सळई तयार होते तीही लोहाराच्याच रीतीने, ही गोष्ट मला विशेष वाटली. कारखान्यात लालबुंद सळई लाटून बाहेर येताच तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे सोडतात. बाहेरची साल क्षणात कठीण होते. पोटातील उष्णता मग बाहेर येऊन त्या सालीचा ठिसूळपणा घालविते. बोटभर टोक पाण्यात बुडवून मागच्या उष्णतेने रंग धावविणे ते हेच. सळईचा काप गुळगुळीत घासून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल लावले की कडेने काळसर कडे दिसू लागते. तीच ती पाणी दिलेली साल.

म्हणूनच कामावर एखादी जाड सळई वाकेना झाली की गॅसच्या ज्योतीने तिला लाल करून वाकविण्याची जी पद्धत दिसते, ती बंद करावयास हवी. लाल झालेली सळई हवेत निवली की सालीला दिलेले पाणी उतरते. तिची बळकटी त्या ठिकाणी घटते, पण ताठपणा बदलत नाही. त्यामुळे हाताने दाबून किंवा डोळ्यांनी पाहून काहीही कळत नाही, आणि सळईवर उठविलेला ५०० चा आकडा मात्र जसाच्या तसा वाचता येतो. सभागृहाच्या एका खांबापाशी अशाच तीन सळया निळसर-काळ्या पडलेल्या दिसल्या. सदस्यांनी मिस्त्रीला बोलावले आणि त्या काँक्रिटखाली जाण्यापूर्वी बदलावयास सांगितल्या.